‘अंगावरच्या दुधाचं बाळ आहे, चालायचंच’ असं म्हणण्याआधी

प्रश्न: बाळाने पहिली काळी शी तिसऱ्या दिवशी केली, तीही गुदद्वारात सपोझिटरी लावल्यावर. आता तीन महिन्यांचं आहे, फक्त अंगावर पितं. पाच-पाच दिवस शी होत नाही, पोट फुगतं. सगळे म्हणतात अंगावरच्या बाळांचं असंच असतं. तपासण्या कराव्यात का?

उत्तर: कराव्यात, आणि लहान मुलांच्या सर्जनला दाखवून कराव्यात. या वर्णनात पाच दिवसांच्या खंडापेक्षा महत्त्वाचा आहे तो तिसरा दिवस. पूर्ण दिवस भरलेली निरोगी बाळं बहुतेक 24 तासांत पहिली शी करतात, 48 तासांत जवळपास सगळीच. अंगावरचं बाळ दीड महिन्यानंतर कधी कधी आठवडाभरही शी करत नाही, हे खरंच आहे. पण त्या बाळाची सुरुवात वेळेवर झालेली असते, पोट मऊ असतं आणि शी झाली की सैलच होते. दोन्ही गोष्टी एकाच पारड्यात टाकणं ही चूक आहे, आणि ती घरच्यांइतकीच डॉक्टरांकडूनही होते.

इथे आधी हिर्शस्प्रंगचा आजार आहे का ते पाहायचं. साधारण पाच हजार जन्मांत एका बाळाला तो असतो, मुलग्यांत जास्त. आतड्याला हलवणाऱ्या चेतापेशी गर्भात वरून खाली सरकत साधारण बाराव्या आठवड्यापर्यंत गुदद्वाराजवळ पोचतात. काही बाळांत त्या वाटेतच थांबतात. त्याखालचा तुकडा मग सैल पडतच नाही, आवळलेला राहतो, आणि वरचं आतडं ढकलून ढकलून फुगतं. म्हणजे फुगलेला भाग निरोगी आणि साधा दिसणारा भाग आजारी. या उलट्या चित्राने सर्जनना फार काळ फसवलं. डॅनिश बालरोगतज्ज्ञ हिर्शस्प्रंग यांनी 1886 साली आजाराचं वर्णन केलं. खालचा, चेतापेशी नसलेला भाग काढून टाकण्याची शस्त्रक्रिया स्वेन्सन आणि बिल या सर्जननी 1948 साली मांडली.

आता सपोझिटरीबद्दल. ‘लावली की होते ना, मग झालं’ हा युक्तिवाद मला अजिबात मान्य नाही. शी होते ती आवळलेला भाग तेवढ्यापुरता उघडला म्हणून, आजार नाही म्हणून नव्हे. उलट तपासताना करंगळी घातल्यावर आत घट्ट, रिकामी नळी लागावी आणि बोट काढताच वायू व पातळ शी जोरात बाहेर यावी, ही तर या आजाराची खूणच आहे.

पुढची पायरी म्हणजे गुदद्वारातून एक्स-रेत दिसणारं औषध सोडून काढलेला फोटो. त्यात खालचा अरुंद आणि वरचा रुंद भाग जिथे मिळतात ती जागा शोधतात. आदल्या दिवशी एनिमा देऊन आतडं धुतलं, किंवा नळीचा फुगा आत फुगवला, तर नेमकी तीच जागा पुसली जाते. म्हणून दोन्ही टाळायचं. 24 तासांनी पुन्हा फोटो काढतात, औषध आतच अडकलंय का ते पाहायला. मात्र नवजात बाळात आतडं फुगायला अजून वेळ मिळालेला नसतो, आणि पूर्ण मोठं आतडंच बाधित असेल तर रुंद-अरुंद फरक दिसतच नाही. त्यामुळे एक्स-रे ‘नॉर्मल’ आला म्हणून संशय मिटत नाही.

निकाल लागतो बायोप्सीने. गुदाशयाच्या आतल्या अस्तराचा कणभर तुकडा ओढून घेतात. तिथे दुखण्याची जाणीव नसते, म्हणून लहान बाळाला सहसा भूल लागत नाही. तुकडा गुदद्वाराच्या आतल्या कडेपासून दोनेक सेंटिमीटर वरून हवा, कारण अगदी खाली चेतापेशी निरोगी माणसातही विरळ असतात. त्यात अस्तराखालचा थरही आला पाहिजे, नाहीतर पेशी ‘दिसल्या नाहीत’ याला अर्थ उरत नाही. तुकडा अपुरा आला तर बायोप्सी पुन्हा करावी लागते. त्यात कुणाची चूक झाली असं समजू नका.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत एक ध्यानात ठेवा. पोट टणक फुगलं, ताप आला, बाळ सुस्त पडलं, हिरवी उलटी झाली किंवा अचानक घाण वासाचे पातळ जुलाब लागले, तर तडक हॉस्पिटल गाठा. ‘एकदाचं पोट साफ झालं’ असं समजून थांबू नका. ती आतड्याची सूज असू शकते आणि तिने बाळ दगावतं. घरी साध्या पाण्याचा एनिमा देऊ नका. अडकलेलं पाणी आतड्यातून शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम घसरतं. हॉस्पिटलात आतडं सलाइनने धुतात, आणि जितकं आत गेलं तितकं बाहेर आलं का ते मोजतात.

आणि हो, पहिल्या शीला उशीर झालेल्या प्रत्येक बाळाला हाच आजार नसतो. कमी दिवसांच्या बाळांत उशीर नेहमीचाच. गुदद्वाराची जागा थोडी पुढे सरकलेली किंवा तोंड बारीक असेल तर ते नीट पाहिल्यावरच कळतं. थायरॉइडची कमतरता रक्त तपासून कळते. चिकट शीने लहान आतडंच तुंबलं असेल तर सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारासाठी घामाची चाचणी करतात, पण ती बाळं बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांतच हिरवी उलटी करतात, तीन महिने थांबत नाहीत. डॉक्टरकडे जाताना जन्मानंतर कितव्या तासाला शी झाली आणि ती आपोआप की सपोझिटरीने, एवढं कागदावर लिहून न्या.