वडिलांच्या कागदपत्रांसाठी रजा मागताना

प्रिय लेकरा,

तू पाठवलेला रजेचा मसुदा वाचला. ‘वडिलांच्या निधनानंतरची कागदपत्रं पूर्ण करण्यासाठी एक महिना रजा मिळावी’ एवढंच त्यात आहे. हा अर्ज पाठवू नकोस. कामाला महिना-दीड महिना लागेल हे खरं आहे, पण त्यातले बहुतेक दिवस कागद कुणाच्या तरी टेबलावर असेल आणि तू केजला घरी बसून राहशील. तुझी हजेरी दोन वेळा लागणार आहे. म्हणून रजाही दोन तुकड्यांत माग.

माझी सगळी नोकरी कोषागारात झाली, त्यामुळे पेन्शनपासून सुरू करतो. वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, म्हणजे त्यांची पेन्शन बीडच्या कोषागारातून येते. ते 12 जूनला गेले. मृत्यूच्या दिवसापर्यंतची पेन्शन त्यांची, 13 जूनपासून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन. मूळ पेन्शन 30 हजार धरली तर जूनच्या 12 दिवसांचे 12 हजार वडिलांच्या हक्काचे होतात. खात्यात पूर्ण महिना जमा झाला असेल तर वरचे 18 हजार कोषागार परत मागणार. आईचं निवृत्तिवेतन साधारण दराने मूळ पेन्शनच्या साठ टक्के, म्हणजे महिना 18 हजार आणि त्यावर महागाई भत्ता. नेमका आकडा वडिलांच्या पेन्शन आदेशावर, म्हणजे पीपीओवर लिहिलेला असतो, तो आधी बघ. या काळात वडिलांच्या एटीएम कार्डाने त्या खात्यातून पैसे काढू नका. घरखर्चाची अडचण असते हे मला कळतं, पण जादा जमा झालेली रक्कम खर्च झाली की तिच्या वसुलीचा हिशोब आईच्या प्रकरणात शिरतो आणि तिचा पहिला हप्ता लांबतो.

पहिल्या वेळी ओळख पटवण्यासाठी आईला कोषागारात स्वतः जावं लागेल. तू सोबत हवीसच. आणि इथेच रजा वाया जाण्याचा सगळ्यात मोठा धोका आहे. पीपीओवर आईचं नाव ‘शकुंतलाबाई’, आधारवर ‘शकुंतला’ आणि पासबुकावर माहेरचं आडनाव, असे कागद माझ्यासमोर कितीतरी वेळा आले. तेवढ्यावरून लोक बीडहून रिकाम्या हाताने परत गेलेले मी पाहिले आहेत. त्यामुळे रजा सुरू होण्याआधी, पुण्यात बसूनच, चार कागदांचे फोटो शेजारी ठेव: पीपीओ, आईचं आधार, आईचं पासबुक आणि मृत्यू प्रमाणपत्र. मृत्यू प्रमाणपत्रावर वडिलांचं नाव पीपीओप्रमाणे आहे का तेही बघ. फरक असेल तर दुरुस्तीला आधी भावाला पाठव आणि रजेची तारीख पुढे ढकल. प्रमाणपत्राच्या प्रतीही जास्त काढून ठेवायला सांग, प्रत्येक कार्यालय एक ठेवून घेतं.

आता शेती. सातबाऱ्यावर वारस लावायचा अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात. वारसाहक्काने मिळालेल्या हक्काची खबर तीन महिन्यांत द्यावी असं जमीन महसूल संहितेचं कलम 149 सांगतं, म्हणजे तुला 12 सप्टेंबरपर्यंत वेळ आहे. अर्जानंतर तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नमुना 9 ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी 15 दिवस सोडावे लागतात. हे दिवस कुणाच्या ओळखीने कमी होत नाहीत. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, मग नावं सातबाऱ्यावर चढतात. तुझी दुसरी हजेरी त्यानंतरची. नोंद कुठे पोचली ते ‘आपली चावडी’वर फोनवरूनच दिसतं. या पंधरा दिवसांसाठी रजा घालवायचं काही कारण नाही.

वारसांत कोण कोण, हे मात्र घरात बसून नीट ठरवा. आई, तू आणि भाऊ एवढीच नावं तुझ्या यादीत आहेत. आजी राहिली. हिंदू वारसा कायद्यात मृताची आई ही बायको-मुलांच्या बरोबरीने पहिल्या वर्गाची वारस आहे. तिचं नाव सोडलं आणि उद्या भावकीतल्या कुणी हरकत घेतली तर साधी नोंद तक्रारी होते, सुनावणी लागते आणि तुझं दुसऱ्या रजेचं गणित बिघडतं. तुझं स्वतःचं नावही घाल. ‘मुलीचं कशाला, नंतर बघू’ असं गावात कुणीतरी म्हणेलच, ते ऐकू नकोस. हक्क सोडायचा की नाही तो तुझा निर्णय, पण तो नोंदणीकृत हक्कसोड पत्रानेच होतो. तो विषय या रजेत आणू नकोस, दुःख ताजं असताना अशी सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बँकेचं काम सगळ्यात सोपं. ठेवीवर आईचं नामनिर्देशन आहे, त्यामुळे दाव्याचा अर्ज, मृत्यू प्रमाणपत्र आणि ओळखपत्र पुरतं. राज्य शासनाची कार्यालयं शनिवारी बंद असतात, बँका मात्र फक्त दुसऱ्या आणि चौथ्या. 19 जुलैचा शनिवार तिसरा आहे. बँक त्या दिवशी करा, तुझी एक रजा वाचेल.

रजेच्या प्रकाराबद्दल विचारलंस. 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 दिवस नैमित्तिक रजा आणि कामाच्या दर 20 दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा आहे. निधनासाठी वेगळी रजा त्यात नाही, कंपनीने दिलेली तू तेराव्यापर्यंत वापरलीस. तेव्हा आता भरपगारी रजाच माग आणि नैमित्तिक मागे ठेव. एखादा दिवस नक्की वाढेल, तेव्हा ती कामी येईल.

मजकूर असा कर:

‘माझ्या वडिलांचं 12 जून रोजी निधन झालं. आईचं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करणं आणि शेतजमिनीवर वारस नोंद करणं, यासाठी मला बीड व केज येथील कार्यालयांत स्वतः हजर राहावं लागणार आहे. त्यासाठी 14 ते 18 जुलै (5 दिवस) आणि 11 व 12 ऑगस्ट (2 दिवस) अशी भरपगारी रजा मंजूर करावी. मधल्या काळात कायद्याने नोटिशीची मुदत असल्याने मी कामावर हजर असेन. पहिल्या तारखा पक्क्या आहेत. ऑगस्टच्या तारखा नोंद प्रमाणित होण्यावर अवलंबून असून बदल झाल्यास मी 4 ऑगस्टपर्यंत कळवीन. रजेत कार्यालयीन वेळेत फोन घेता येणार नाही, संध्याकाळी सहानंतर उपलब्ध असेन. माझं काम कोणाकडे सोपवलं ते सोबत जोडलं आहे. मृत्यू प्रमाणपत्राची प्रत हवी असल्यास देईन.’

एवढंच पुरे. जमीन किती, ठेव किती, घरात कोणाचं काय म्हणणं, यातलं काही साहेबांना लिहू नकोस आणि कागदही आपणहून जोडू नकोस. ऑगस्टची तारीख सरकू शकते हे मात्र आधीच लिहिलेलं असू दे. तारीख हलली तर साहेब समजून घेतात, ऐनवेळी कळलेली त्यांना अडचणीत टाकते.

14 ला सोमवारी बीड, मंगळवार राखीव, कारण कोषागारात एखादा कागद कमी निघतोच. बुधवारी तलाठी, पण तो त्या दिवशी कोणत्या सज्जावर आहे ते आदल्या दिवशी फोन करून विचार. उरलेले दोन दिवस राहिलेल्या सह्यांचे.

पीपीओ आणि आईच्या पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो मला आज रात्रीच पाठव. नावं मी ताडून बघतो, मग उद्या अर्ज दे.

तुझा,
काका