बॅगा दुसऱ्या दिवशी येणार असं धरूनच केबिन बॅग भरा

"डिसेंबरात आई-बाबांना घेऊन मुंबईहून मँचेस्टरला जातोय. मध्ये दोहाला दीड तासाचा थांबा आहे. चेक-इन केलेल्या बॅगा एक दिवस उशिरा आल्या तर अडायला नको. केबिन बॅगेत काय काय ठेवू?"

शंका रास्त आहे. दीड तासात माणसं धावतपळत गेट गाठतात, पण मुंबईचं विमान जरा उशिरा पोचलं की बॅगा पुढच्या विमानात चढायच्या राहतात आणि बहुतेक वेळा त्यानंतरच्या विमानाने येतात. त्या मधल्या एका दिवसापुरती तयारी करायची.

सगळ्यात आधी औषधं, आणि ती एक दिवसाची नाही, पूर्ण मुक्कामाची. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या तिकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय दुकानात मिळत नाहीत. गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच ठेवा, डबीत काढून नेऊ नका, आणि सोबत प्रिस्क्रिप्शन असू द्या. त्यावर ब्रँडच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण आपले ब्रँड तिकडच्या डॉक्टरांना माहीत नसतात. इन्सुलिन असेल तर ते मोठ्या बॅगेत मुळीच नको, सामानाच्या कप्प्यात गोठलं तर वाया जातं.

आता जे मी चुकले ते सांगते. तीन वर्षांपूर्वी आईला घेऊन भावाकडे निघाले होते. विमान भरलेलं होतं, गेटवरच्या कर्मचाऱ्याने आमची केबिन बॅगही खाली सामानात टाकायला मागून घेतली. मागे रांग खोळंबलेली, मी घाईत देऊन टाकली. आईच्या सगळ्या गोळ्या त्यात होत्या. ती बॅग मोठ्या बॅगांसोबत मागेच राहिली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. आईची सकाळची बीपीची गोळी चुकली, बॅग येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता.

तेव्हापासून केबिन बॅगेत सगळ्यात वर एक कापडी पिशवी असते. औषधं, चष्मा, चार्जर, पॉवर बँक, कागदपत्रं, दागिने, सगळं त्या एका पिशवीत. गेटवर बॅग मागितली की पिशवी उचलायची, बॅग द्यायची. पॉवर बँक तर तशीही काढूनच घ्यावी लागते, ती खालच्या सामानात चालत नाही.

दुसरी गोष्ट थंडीची. आपण मुंबईत घामाघूम होत बॅग भरतो, त्यामुळे स्वेटर-जॅकेट हमखास मोठ्या बॅगेच्या तळाशी जातात. मँचेस्टरला डिसेंबरात पाच-सहा अंशांच्या आसपास असतं, वर भुरभुर पाऊस. जाड जॅकेट हातात घेऊन किंवा अंगावर घालूनच निघा, विमानात पांघरायलाही होतं. पायात चप्पल नको, बंद बूट आणि मोजे. केबिन बॅगेत प्रत्येकाचा एक थर्मल, आतल्या कपड्यांचे दोन जोड, मोज्यांचा एक जोड आणि एक बदलायचा पोशाख एवढं पुरतं. आई साडी नेसत असतील तर साडीसोबत तिचा परकर आणि ब्लाउज केबिन बॅगेतच आहेत ना ते बघा. साडी हातात आणि ब्लाउज मोठ्या बॅगेत, हे आमच्या घरी झालंय. सोपा मार्ग म्हणजे एक पंजाबी ड्रेस.

टूथपेस्ट, क्रीम, खोकल्याचं सिरप हे सगळं द्रवात मोडतं. प्रत्येक बाटली-ट्यूब १०० मिलीच्या आतली हवी, आणि अर्धी रिकामी असली तरी मोठी बाटली चालत नाही. लोणचं मोठ्या बॅगेतच जाऊ द्या.

ब्रिटनचे प्लग चौकोनी तीन पिनांचे, आपला चार्जर तिथे बसत नाही. अडॅप्टर त्याच कापडी पिशवीत ठेवा. फोन बंद पडला तर बॅगेची चौकशीही करता येणार नाही.

घरून निघण्यापूर्वी वजन करा. बऱ्याच कंपन्यांची केबिनची मर्यादा सात किलोच असते आणि चाकांच्या बॅगेचंच वजन दोन-अडीच किलो भरतं. मोठ्या बॅगा भरताना तिघांचे कपडे थोडे थोडे सगळ्या बॅगांत वाटा, म्हणजे एकच मागे राहिली तर कुणी एक उघडं पडत नाही. बंद केलेल्या बॅगांचे फोटोही काढा.

पट्ट्यावर बॅग आलीच नाही तर विमानतळाबाहेर पडू नका. आतल्याच बॅगेज काउंटरवर तक्रार नोंदवायची, तिला पीआयआर म्हणतात. त्यासाठी चेक-इनला दिलेली टॅगची चिकटपट्टी लागते आणि मुक्कामाचा पत्ता पिनकोडसकट लागतो, म्हणून तो कागदावर लिहून ठेवा. दहा अक्षर-आकड्यांचा क्रमांक मिळाला की त्यावर बॅग कुठे आहे ते ऑनलाइन कळतं. त्या दिवशी टूथब्रश, कपडे असं जे गरजेचं विकत घ्याल त्याच्या पावत्या जपा. उशिराबद्दलची लेखी मागणी बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांच्या आत विमान कंपनीकडे जायला हवी.