कंपोझिट फायनल करायच्या आधी लांबून, डोळे बारीक करून आणि उलटं करून बघणं

प्रश्न: "दादा, एका फॅमिली ग्रुपमध्ये वारलेल्या आजोबांना उभं केलंय. मास्क, सावली, कलर सगळं केलं, झूम करून बघितलं तर कुठंच चूक सापडंना, तरी आजोबा चिकटवल्यासारखे दिसायलेत. तुम्ही फायनल करायच्या आधी कसं चेक करता?"

आधी फाईल सेव्ह करून बंद करा आणि अर्धा तास दुसरं काही काम घ्या. तीन-चार तास दोनशे टक्के झूमवर टोपीची कड कोरत बसलं की डोळ्याला त्या फोटोची सवय होऊन जाते, मग चूक समोर असली तरी नजर तिच्यावरून घसरून जाते. आणि ह्या कामातल्या मोठ्या चुका कडेला नसतातच, त्या असतात उजेडात, मापात आणि झुकावात, म्हणून झूम करून त्या कधीच सापडत नाहीत.

माझा जालन्यात स्टुडिओ आहे, माझ्याकडं अगदी असंच काम आलं होतं. अंगणात काढलेला नऊ जणांचा ग्रुप, संध्याकाळचं ऊन डावीकडून, पुढं खुर्चीवर आजी, मागची रांग पडवीच्या सावलीत. आजोबांचा एकच जुना प्रिंट होता, स्कॅन करून त्यांना आजीच्या खुर्चीमागं उभं केलं, छातीपासून वरचंच दिसणार होतं त्यामुळं पायाची, जमिनीवरच्या सावलीची भानगड नव्हती. मला वाटलं काम झालं.

अर्ध्या तासानं फाईल उघडली आणि पहिल्यांदा झूम बारा-साडेबारा टक्क्यावर नेला. बारा बाय अठराची फाईल तीनशे डीपीआयला ५४०० बाय ३६०० पिक्सेल असते, ती ह्या झूमवर स्क्रीनवर साधारण ६७५ बाय ४५० होते, म्हणजे मोबाईलवर कुणी पाठवलेला फोटो दिसावा तेवढी. आता तीन-चार सेकंदच बघायचं आणि नजर काढून घ्यायची, जास्त वेळ बघितलं की परत सवय लागती. नजर पहिल्यांदा कुठं गेली एवढंच लक्षात ठेवायचं. माझी नजर आजीवर जायला पाहिजे होती, ती गेली आजोबांच्या डोक्यावर. शेजारी त्यांचे सख्खे भाऊ उभे होते, रूलरनं मापलं तर भावाचं डोकं हनुवटीपासून टोपीपर्यंत ४१० पिक्सेल आणि आजोबांचं ४५५. एकाच रांगेत उभी असलेली दोन मोठी माणसं, टोप्याही सारख्याच, एवढा फरक पडत नसतो. आजोबांना नव्वद टक्क्यावर आणलं. झूम मोठा असताना दोन डोकी एकदम स्क्रीनवर येतच नव्हती, मग तुलना होणार कशी? तेव्हापासून मी Window > Arrange मधून त्याच फाईलची दुसरी विंडो उघडून ती छोटी करून कोपऱ्यात ठेवतो, काम मोठ्या विंडोत चालू राहतं आणि छोटीत अख्खा फोटो सतत दिसत राहतो.

मग डोळे बारीक करून बघितलं. पापण्या अर्ध्या मिटल्या की नाक-डोळे, कापडाचा पोत, सगळी बारीक कामगिरी निघून जाते आणि नुसते उजेड-अंधाराचे ठिगळ उरतात. मागची अख्खी रांग एक गडद पट्टा झाली आणि त्यात आजोबांची टोपी बल्ब लावल्यासारखी चमकायली. Info पॅनेलमध्ये आकडे बघितले तर सावलीतल्या बाकीच्यांच्या टोप्या १६५ ते १७५ च्या आसपास, आजोबांची २४०. कोटाचा काळा उलट जास्तच काळा होता, आकडा ५, आणि त्याच सावलीत इतरांचे सगळ्यात काळे केस २५ च्या खाली जात नव्हते. आपण "टोपी पांढरी" म्हणून पांढरी ठेवतो, पण सावलीतला पांढरा खरं तर करडा असतो, मेंदू त्याला पांढरा समजून घेतो. आजोबांच्या लेयरला Curves क्लिप केला, वरचं टोक १८० पर्यंत खाली ओढलं, खालचं टोक २० पर्यंत वर घेतलं. एवढ्यानंच निम्मा चिकटवलेपणा गेला, मास्कला हातसुद्धा लावला नव्हता. तुझ्या फोटोतही मला पहिला संशय ह्याचाच येतो.

इथं एक सांगतो, मायनस नंबरचा चष्मा असेल तर चष्मा काढून डोळे बारीक करू नका, त्यानं उलट जास्त स्पष्ट दिसायला लागतं. तुम्ही चष्मा काढून नुसतं मागं सरकून बघा, तेच काम होतं. ज्याला हे जमत नाही त्यानं Ctrl+Shift+Alt+E करून वर एक मर्ज लेयर घ्यावा, त्याला २५-३० पिक्सेलचा Gaussian Blur द्यावा आणि त्याच्यावर काळा Solid Color टाकून मोड Color करावा, म्हणजे रंगही जातो आणि नुसता उजेड उरतो. चेक झालं की दोन्ही लेयर आठवणीनं डिलीट करा.

उलटं करणं, म्हणजे आरशात दिसतं तसं डावं-उजवं बदलून बघणं, मी शेवटी ठेवतो. नव्या फोटोशॉपात View > Flip Horizontal आहे, त्यानं फक्त दिसणं उलटतं, फाईलला काही होत नाही. जुन्या व्हर्जनमध्ये Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal करावं लागतं, त्यात मात्र खरोखर फाईल उलटते, परत सरळ करायला विसरलात तर दारावरच्या नावाची पाटी उलटी छापून येते. उलटं केल्याबरोबर आजोबा बाहेरच्या बाजूला कललेले दिसले. पडवीचा खांब सरळ, भाऊ सरळ, आणि ह्यांची मान-खांदा मिळून दोनेक अंशानं पडलेलं. सरळ बघताना तो झुकाव मला "ते असेच उभं राहायचे" असा वाटत होता. Free Transform मध्ये दोन अंश फिरवलं.

पण ह्याच पायरीला माझी मोठी चूक सुटली. जुन्या फोटोत आजोबांवर उजेड उजवीकडून होता, म्हणून तो डावीकडून यावा यासाठी मी सुरुवातीलाच त्यांचा लेयर उलटा केला होता. प्रिंट दिली, आजींनी हातात घेतली, बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "बाळा, ह्यांचा तीळ ह्या गालाला नव्हता रे." कोटाचा वरचा खिसासुद्धा उजवीकडं गेला होता, आणि तो मी बघू शकलो असतो. फोटो उलटा केला तेव्हा बाकी सगळ्यांचे खिसे चुकीच्या बाजूला आले आणि एकट्या आजोबांचाच बरोबर बाजूला होता, माझ्या समोर होतं ते, पण मी फक्त झुकाव शोधत होतो. आता उलट्या व्ह्यूमध्ये मी मुद्दाम खिसे, गुंड्यांची पट्टी, बायकांचा पदर आणि हातातलं घड्याळ एकेक करून बघतो. ज्याचं सगळ्यांपेक्षा वेगळं दिसेल तो लेयर उलटा केलेला आहे असं समजायचं. त्या फोटोत मग आजोबांना मूळ बाजूला फिरवलं आणि उजेड Dodge-Burn नं हातानं बदलला, दोन तास गेले, नवीन प्रिंट मी स्वतः घरी नेऊन दिली. आणि तीळ, चट्टा, भांग ह्या गोष्टी आपल्याला माहीतच नसतात, त्या घरच्यांना आधी मोबाईलवर फोटो पाठवून विचारून घ्या.

ह्या तिन्हीत कडेचा पांढरा धागा आणि ग्रेन सापडत नाही, कारण झूम लहान केला की ते पुसलं जातं. जुन्या स्कॅनचा माणूस मऊ आणि नव्या कॅमेऱ्याचे बाकीचे टोकदार, हा फरक शंभर टक्क्यावरच कळतो, पण तो उजेड आणि माप जुळल्यावर बघा. आधी बघितलं तर जे डोकं नंतर लहानच करायचंय त्याच्या कडा तासभर कोरत बसशील. तुझा फोटो लहान करून टाक इथं, टोपीचे आणि शेजारच्यांच्या पांढऱ्या कपड्यांचे Info मधले आकडेही लिही, मग नेमकं काय ते बघू.