क्विझच्या स्क्रीनशॉटमधून फ्लॅशकार्ड: पर्यायांचं काय करायचं?

प्रश्न: राज्यसेवेची तयारी करतोय. टेलिग्रामवरच्या क्विझचे तीनेकशे स्क्रीनशॉट फोनमध्ये साठलेत. त्यांची अँकीत कार्डं करायची आहेत. पुढे प्रश्न आणि चार पर्याय, मागे उत्तर, असं करू का? आणि एवढं मराठी टाइप न करता जमेल का?

उत्तर:

टाइप न करता जमेल, पण चार पर्याय कार्डावर घालू नका. मी पहिलं वर्ष तसंच केलं. दोन-तीन आठवड्यांत प्रश्न न वाचताच हात उत्तरावर जायला लागला, कारण "तिसऱ्या ओळीतलं लांबडं उत्तर" एवढंच डोक्यात बसलं होतं. समोर दिसलेलं उत्तर ओळखणं सोपं असतं. काही न दिसता ते आठवावं लागतं तेव्हाच उजळणी होते.

पण पर्याय फेकूनही देऊ नका, खरा माल तिथेच असतो. समजा स्क्रीनशॉटमध्ये हा प्रश्न आहे: "७३ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला कोणते परिशिष्ट जोडले? १) ९ वे २) १० वे ३) ११ वे ४) १२ वे." उत्तर ११ वे. पहिलं कार्ड सरळ आहे, पुढे प्रश्न आणि मागे "११ वे (पंचायती, २९ विषय)". आता चुकीच्या पर्यायांकडे बघा. ९ वं परिशिष्ट १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आलं. १० वं, म्हणजे पक्षांतरबंदीचं, १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने. १२ वं ७४ व्या दुरुस्तीने, नगरपालिकांसाठी, त्यात १८ विषय. प्रश्न काढणाऱ्याने मुद्दाम जवळजवळची चार ठेवली आहेत आणि पुढच्या परीक्षेत विचारलं जाईल ते यांतलंच दुसरं एखादं. म्हणून प्रत्येकाचं वेगळं कार्ड करा. एका स्क्रीनशॉटमधून चार कार्डं निघाली.

"खालीलपैकी कोणती नदी अरबी समुद्राला मिळत नाही?" असा नकारार्थी प्रश्न तर मोडलाच पाहिजे. पर्याय काढले की त्याला अर्थच उरत नाही. त्याऐवजी "गोदावरी कोणत्या समुद्राला मिळते?" असं विचारा. "विधान अ, विधान ब" वाल्यांचंही तेच, एका विधानाला एक कार्ड.

आता मजकूर काढणं. थोडे स्क्रीनशॉट असतील तर फोनवर गुगल लेन्सने मजकूर कॉपी करा, पुरे. तीनशेसाठी कॉम्प्युटरवर चित्रातला मजकूर वाचणारा टेसरॅक्ट हा प्रोग्राम बरा पडतो, मात्र त्यात मराठीची `mar` फाइल घातलेली हवी. आधी चॅनेलचं नाव, वेळ वगैरे कापून फक्त प्रश्नाचा चौकोन ठेवा, मग:

```
tesseract prashn.png prashn -l mar --psm 6
```

`prashn.txt` तयार होते. स्क्रीनशॉट कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅपने पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि रफार, अनुस्वार आधी उडतात.

इथे तीन गोष्टी हमखास बिघडतात. उत्तराची हिरवी खूण मजकुरात येत नाही, त्यामुळे योग्य पर्याय चित्र बघून हातानेच लिहावा लागतो. पर्यायांशेजारचे मतांचे टक्के मात्र मजकुरात घुसतात, ते पुसा. आणि मराठी १ चा इंग्रजी 9 होऊ शकतो: "११ वे"चं "99 वे" दिसलं तर दचकू नका. `mar+eng` दिलं की हा घोळ वाढतो, म्हणून प्रश्नात इंग्रजी शब्द नसतील तर फक्त `mar` द्या. आकडे आणि सनावळ्या तेवढ्या चित्राशी ताडून बघा, कारण चुकलेला शब्द डोळ्यांना खुपतो, चुकलेला आकडा खुपत नाही.

हिरव्या खुणेवरही आंधळा विश्वास नको. एका चॅनेलवर १२ व्या परिशिष्टात २९ विषय असल्याचं उत्तर होतं आणि मी ते दोन महिने इमानेइतबारे घोकलं. प्रश्न आयोगाच्या जुन्या पेपरातला असेल तर अंतिम उत्तरतालिका उघडा. पहिल्या तालिकेतली काही उत्तरं नंतर बदलतात, काही प्रश्न रद्दही होतात.

शेवटी सगळं गुगल शीटमध्ये भरा: पहिल्या रकान्यात प्रश्न, दुसऱ्यात उत्तर, तिसऱ्यात विषयाचा टॅग. ती `.tsv` म्हणून उतरवा आणि अँकीत `File > Import` करा. एक्सेलच्या साध्या `.csv` मध्ये देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात, त्या वाटेला जाऊ नका. आयात करताना तिसरा रकाना टॅगचा आहे हे तिथल्या खिडकीत निवडा.

प्रश्न शब्दशः वेगळे ठेवा, कारण पहिला रकाना तंतोतंत सारखा असेल तर अँकी नवीन कार्ड न करता जुनंच बदलतं. याचा फायदाही होतो. पुढे एखादं उत्तर चुकीचं निघालं तर शीटमध्ये दुरुस्त करून पुन्हा आयात करा. कार्ड सुधारतं आणि त्याच्या उजळणीच्या तारखा जशाच्या तशा राहतात.