ओवीचा अन्वय लावताना

प्रश्न: पसायदान पाठ आहे, शब्दही बरेचसे कळतात. पण ‘वर्षत सकळमंगळीं’ या ओवीत कोण कोणाला भेटतं तेच लागत नाही. अशी जुनी कविता सरळ करून कशी वाचायची?

उत्तर:

आधी पूर्ण ओवी समोर घ्या.

वर्षत सकळमंगळीं । ईश्वरनिष्ठांची मांदियाळी ।
अनवरत भूमंडळीं । भेटतु भूतां ॥

मी सोलापुरात शाळेत मराठी शिकवते. वर्गातली बरीच मुलं घरी तेलुगू किंवा कन्नड बोलतात. त्या भाषांतही क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून मी सगळ्यांना आधी क्रियापदच शोधायला लावते.

मुलं ‘वर्षत’वर बोट ठेवतात. पण ते ‘हसत आला’मधल्या ‘हसत’सारखं आहे, त्याने वाक्य पुरं होत नाही. वाक्य पुरं करतं ते ‘भेटतु’. ते ‘भेटतो’ नव्हे, ‘भेटो’ आहे. आसपासच्या ओव्यांत ‘सांडो’, ‘वाढो’, ‘जावो’, ‘लाहो’ अशी मागणीच चाललेली आहे.

आता विचारा, कोण भेटो? मांदियाळी, म्हणजे समुदाय. कोणाची? ईश्वरनिष्ठांची. कोणाला भेटो? ‘भूतां’, म्हणजे प्राणिमात्रांना. आपण आज ‘ना’ लावतो, तिथे जुन्या मराठीत नुसता अनुस्वार पुरतो. म्हणून अनुस्वार गाळून छापलेली प्रत अन्वयाला घेऊ नका.

खरी गफलत होते ती ‘मंगळीं’ आणि ‘भूमंडळीं’मध्ये. शेवट दोन्हींचा सारखाच, पण ‘भूमंडळीं’ सप्तमी आहे, पृथ्वीवर. आणि ‘सकळमंगळीं’ तृतीयेचं अनेकवचन, सगळ्या मंगलांनी. कोणता अर्थ घ्यायचा ते क्रियापद सांगतं. वर्षाव कशाने? मंगलांनी. भेटायचं कुठे? भूमंडळी.

हे सगळं ओळीने मांडलं की असं होतं: सकळमंगळीं वर्षत (असलेली) ईश्वरनिष्ठांची मांदियाळी भूमंडळीं भूतां अनवरत भेटतु. आजच्या भाषेत, सर्व मंगलांचा वर्षाव करणारा ईश्वरनिष्ठांचा समुदाय पृथ्वीवर प्राणिमात्रांना सतत भेटत राहो. पदरचा शब्द मी कंसातच ठेवते, आणि मूळ ओवीतला एकही शब्द बाहेर राहिला नाही ना ते मोजून बघते. एखादा उरला तर अन्वय चुकलाय असं समजायचं.

क्रम उलटा का, तर यमकासाठी. ओवीच्या पहिल्या तीन चरणांचे शेवट जुळावे लागतात, म्हणून मंगळीं, मांदियाळी, भूमंडळीं चरणाच्या टोकाला गेले आणि क्रियापद आखूड चौथ्या चरणात आलं. म्हणताना आपण चरणाशी थांबतो, त्यामुळे तिथेच वाक्य संपलंसं वाटतं. अन्वय लावताना दंड विसरा.

मात्र प्रत्येक शब्दाची जागा पक्की ठरेलच असं नाही. ‘अनवरत’ला विभक्ती नाही, त्यामुळे ‘सतत वर्षत’ आणि ‘सतत भेटतु’ दोन्ही व्याकरणात बसतं. मी तो ‘भेटतु’कडे घेते, कारण दुसऱ्या अर्ध्यात तो त्याच्याच शेजारी आहे. ‘वर्षत’पर्यंत न्यायचा तर अख्खी मांदियाळी ओलांडावी लागते.