आधी नाव जुळव, मग प्रती माग

पोरी,

तुझा निरोप वाचला. "काका, मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती किती काढू? कुणी दोन म्हणतं, कुणी वीस." आकडा सांगतो, पण पुढे. कारण त्याच निरोपासोबत तू दवाखान्याच्या कागदाचा फोटो पाठवलास आणि त्यावर वडिलांचं नाव 'दत्तू गणपती' असं लिहिलंय. पेन्शनच्या आदेशावर म्हणजे पीपीओवर, आधारवर, पासबुकावर ते 'दत्तात्रय गणपतराव' आहेत. तुझ्या नजरेतून सुटलं. सुटणारच, घरात अजून माणसं बसलेली आहेत. पण हे दहाव्याच्या आत बघायचं काम आहे, म्हणून आजच लिहितोय.

ग्रामपंचायतीतून परत पाठवलं म्हणून तू चिडलीस. उगं चिडलीस. मृत्यूची नोंद माणूस राहतो त्या गावात होत नाही, मृत्यू जिथे झाला तिथे होते. वडील लातूरच्या दवाखान्यात गेले, म्हणजे नोंद लातूर महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात होणार, औसा तालुक्यातल्या आपल्या गावी नाही. आणि ती कळवायची जबाबदारी दवाखान्याची, 21 दिवसांच्या आत. दवाखाना जो फॉर्म पाठवतो त्यातलं नाव केसपेपरवरून उतरतं. केसपेपरवर नाव कुणी सांगितलं? रात्री गाडीत घालून घेऊन गेलेल्या तुझ्या चुलत्यानं. त्यानं जन्मभर 'दत्तू'च हाक मारली, तेच सांगितलं. त्याचा दोष नाही. पण तो शब्द आता फॉर्मवरून रजिस्टरात आणि रजिस्टरातून दाखल्यावर जाईल. म्हणून आधी नाव जुळव, मग प्रती माग.

दाखला एकच असला तरी प्रत्येक टेबल त्यातला वेगळा रकाना वाचतं. बँकवाला आधी नाव वाचतो. मी 'मयत खातेदार' या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून सांगतो. आपल्याकडच्या गावात एकाच नाव-आडनावाचे दोन खातेदार ही नवलाची गोष्ट नाही. मग मी दाखल्यावर बापाचं नाव बघायचो, बायकोचं नाव बघायचो, कायमचा पत्ता बघायचो. जुळलं नाही तर परत पाठवायचो. लोक मला आडमुठा म्हणायचे, साहेबाकडे तक्रारी करायचे. करू देत. खातेदार गेला की त्या खात्यावर सही करणारं कुणी उरत नाही. बँक पैसे सोडते ती केवळ त्या कागदाच्या भरवशावर. चुकीच्या माणसाच्या दाखल्यावर पैसे गेले असते तर खऱ्या वारसाला मी काय तोंड दाखवलं असतं? आणि हो, एटीएम कार्ड तुझ्याकडे आहे, पिन माहीत आहे, म्हणून त्यातून काढू नकोस. आईचं नाव नॉमिनी म्हणून आहे ना, मग तिचा क्लेम फॉर्म, ओळखपत्र आणि दाखला एवढ्यावर काम होतं. नॉमिनीला पैसे मिळतात ते सगळ्या वारसांच्या वतीनं, हे मात्र भावाला आत्ताच सांगून ठेव.

पेन्शनवाला तारीख वाचतो. त्या तारखेला वडिलांची पेन्शन थांबते आणि दुसऱ्या दिवसापासून आईचं कुटुंब निवृत्तिवेतन लागू होतं. वडील पाटबंधारे खात्याचे, त्यांचा पीपीओ नागपूरच्या महालेखापालांकडून आलेला, पैसे देणारं लातूरचं कोषागार. पीपीओवर आईचं नाव आणि दोघांचा फोटो असेल तर कागद फार लागत नाहीत: अर्ज, पीपीओ, आईचं आधार, पॅन, बँकेचा तपशील आणि दाखला. पण कोषागाराला कळवायला उशीर केलास तर वडिलांच्या खात्यात पेन्शन येतच राहील, आणि ती सगळी परत वसूल होईल. लोकांना वाटतं सरकारनं चुकून दिली, आपली झाली. तसं नसतं.

विमावाला तारीख तर बघतोच, पण त्याला आणखी एक गोष्ट हवी असते जी दाखल्यात मिळणार नाही, ती म्हणजे मृत्यूचं कारण. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यानुसार लोकांना देण्याच्या उताऱ्यात कारण लिहीतच नाहीत. पॉलिसी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर कंपनी फार खोलात जात नाही. त्याच्या आतली असेल तर डॉक्टरचं प्रमाणपत्र, उपचाराचे कागद, सगळं मागेल. वडिलांची पॉलिसी जुनी आहे, तरी दवाखान्याची फाइल कुणाला मूळ देऊ नकोस.

आता आकडा. कार्यालयं मोजू नकोस, दाखला ठेवून कोण घेणार ते मोज. विम्याच्या शाखेत बॉन्डसोबत एक जाईल, ती परत येणार नाही. कोषागारात एक. दोन बँका आहेत. कुठे मूळ बघून झेरॉक्स ठेवतात, कुठे मूळच मागतात, म्हणून दोन धर. सातबाऱ्यावर वारस नोंदीसाठी तलाठ्याकडे एक. घरात आईच्या पेटीत एक, जी कधीच बाहेर निघायची नाही. वरून दोन, कारण गॅस, वीज मीटर, कुठली तरी पतसंस्था मागाहून आठवतेच. झाल्या आठ. कळवणाऱ्याला पहिली प्रत मोफत असते, बाकीच्यांचं शुल्क किरकोळ. वीस काढायचं कारण नाही. हल्ली क्यूआर कोडचा दाखला मिळतो, त्याची प्रिंट कितीही वेळा निघते. तरी खिडकीवरचा माणूस शिक्का शोधतो, म्हणून निबंधकांच्या सहीशिक्क्याच्या घे. आणि जिथे मूळ देशील तिथे झेरॉक्सवर 'मूळ प्रत मिळाली' अशी तारखेसह पोच घे. लाजू नकोस.

पण आठ प्रती 'दत्तू'च्या नावानं काढल्यास तर ते आठ रद्दी कागद आहेत, कळलं? कुणी म्हणेल, स्टॅम्प पेपरवर 'दत्तू आणि दत्तात्रय ही एकच व्यक्ती' असं प्रतिज्ञापत्र करू. एखादी बँक ऐकेल, कोषागार ऐकणार नाही, मग विमा कंपनी तिसरंच काही मागेल. प्रत्येक टेबलावर नवा वाद घालण्यापेक्षा मुळात दुरुस्त कर.

उद्या दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात जा. वडिलांचं आधार आणि पीपीओची झेरॉक्स ने. फॉर्म अजून महापालिकेत गेला नसेल तर तिथल्या तिथे नाव बदलून घे. त्यासोबत आजोबांचं नाव, आईचं नाव, गावचा पत्ता, मृत्यूची तारीख हेही बोट ठेवून वाच. फॉर्म गेला असेल तर महापालिकेच्या निबंधकांकडे त्याच कायद्याच्या कलम 15 खाली दुरुस्तीचा अर्ज दे. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात आणि त्याप्रमाणे दाखला देतात. नाव बदलायचं असल्यानं माहिती असलेल्या दोन माणसांचं लेखी निवेदन मागू शकतात. चुलत्याला आणि शाळेतल्या त्यांच्या जुन्या सोबत्याला सांगून ठेव. दुरुस्त दाखल्याची एकच प्रत आधी घे, तिथेच बाकावर बसून आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघ, 'त्रय' आहे की 'त्रेय' तेसुद्धा. मग उरलेल्या सात माग.

आईला या खेपेला नेऊ नकोस. तिची गरज कोषागारात लागेल.

तुझा,
काका