डक्टची साइझ समान घर्षणाने, ब्लोअरचं स्टॅटिक एकेक अडथळा मोजून

प्रश्न: हिंगणा एमआयडीसीत पॅकिंग हॉल आहे, २० × १२ मीटर, उंची साडेचार मीटर. बाहेरची हवा फिल्टर करून डक्टने आत द्यायची आहे. डक्टची साइझ कशी काढायची आणि ब्लोअरचं स्टॅटिक कसं ठरवायचं? ठेकेदार म्हणतो, "५० एमएम स्टॅटिक घ्या, कमी पडायला नको." बरोबर आहे का?

उत्तर: ५० मिमी तुमच्या हॉलच्या गरजेच्या जवळजवळ तिप्पट आहे, आणि जास्तीचं स्टॅटिक घेतलं की आपण सुरक्षित, असं ब्लोअरच्या बाबतीत होत नाही. कारण पुढे येईलच. आधी हवा आणि डक्ट ठरवू.

हॉलचं घनफळ १०८० घनमीटर. तासाला १० वेळा हवा बदलायची धरली तर १०,८०० घनमीटर प्रतितास, म्हणजे सेकंदाला ३ घनमीटर, बाजारच्या भाषेत साधारण ६,३५० सीएफएम. आत भट्टी, श्रिंक टनेल असं काही तापणारं मशीन असेल तर हा आकडा उष्णतेच्या हिशोबाने वाढेल. इथे नुसतं पॅकिंग आहे असं धरतो.

मांडणी अशी घेऊ: ब्लोअरपासून १२ मीटर मुख्य डक्ट, त्यात एक काटकोनी वळण. मग हॉलच्या मधोमध तीन ठिकाणी, ६-६ मीटरच्या अंतराने, दोन्ही बाजूंना एकेक ग्रिल. एकूण सहा ग्रिल, प्रत्येकाला अर्धा घनमीटर प्रतिसेकंद. म्हणजे पहिल्या टप्प्यात ३, दुसऱ्यात २ आणि शेवटच्यात १ घनमीटर प्रतिसेकंद हवा वाहते.

समान घर्षणाच्या पद्धतीत आपण एकच निर्णय घेतो: प्रत्येक मीटर डक्टमागे किती प्रेशर खर्च होऊ द्यायचं. अशा हॉलसाठी मी ०.८ पास्कल प्रतिमीटर घेतो. जुन्या चार्टवर १०० फुटांना ०.१ इंच लिहिलेलं असतं, ते हेच. मग फ्रिक्शन चार्टवर किंवा डक्टुलेटरवर हवेची रेषा आणि ०.८ ची रेषा जिथे छेदतात तिथला व्यास वाचायचा. जीआय शीटच्या गोल डक्टला ३ घनमीटरसाठी ७०० मिमी, २ साठी ६०० मिमी आणि १ साठी ४६० मिमी येतो. वेग अनुक्रमे ७.८, ७.१ आणि ६ मीटर प्रतिसेकंद. हवा कमी होत जाते तसा वेग आपोआप उतरतो, हीच या पद्धतीची सोय आहे. पहिल्या टप्प्याचा वेग मात्र नक्की बघा. तो ९-१० च्या वर गेला तर आवाज येईल, मग ०.६ घेऊन पुन्हा काढा.

आता गोलाचं चौकोनी करताना चूक होते. फॅब्रिकेटर बरेचदा क्षेत्रफळ सारखं ठेवतो. ७०० मिमी गोलाचं क्षेत्रफळ ०.३८५ चौमी, तेव्हा ४५० मिमी खोलीला ८५५ मिमी रुंदी, झालं. पण चौकोनी डक्टमध्ये त्याच क्षेत्रफळाला पत्र्याचा घेर जास्त असतो आणि हवा जास्त पत्र्याला घासत जाते. ८५५ × ४५० चं घर्षण सुमारे पाव पटीने जास्त निघतं. म्हणून समान घर्षणाचा सममूल्य व्यास या सूत्राने तपासा (a आणि b मीटरमध्ये):

```
De = 1.30 × (a × b)^0.625 / (a + b)^0.25
```

४५० मिमी खोली कायम ठेवून हिशोब केला की ९५० × ४५०, ७०० × ४५० आणि ४०० × ४५० या साइझ मिळतात. सममूल्य व्यास ७०३, ६१० आणि ४६४, म्हणजे तिन्ही मागणीपेक्षा किंचित वर. खोली एकच राहिल्याने रिड्युसर फक्त रुंदीत बसतात आणि तळ एका रेषेत दिसतो. बीमखाली जागा नाही म्हणून कुणी २५० मिमी खोली सुचवली तर पहिल्याच टप्प्याला २१०० × २५० लागेल. पत्रा मीटरमागे २.८ चौमीवरून ४.७ चौमीवर जातो, शिवाय एवढा रुंद पत्रा थरथरतो. बीम टाळून डक्ट वळवणं त्यापेक्षा स्वस्त पडेल.

साइझचं काम इथे संपलं. आता स्टॅटिक.

ब्लोअरने सगळ्यात अवघड वाटेवरचे अडथळे ओलांडायचे असतात: बाहेरच्या लुव्हरपासून शेवटच्या ग्रिलपर्यंत. बाकीच्या ग्रिलची बेरीज यात धरायची नाही. सरळ डक्ट १२ + ६ + ६ = २४ मीटर, ०.८ ने १९ पास्कल. बस, एवढंच. ज्या आकड्यावर आपण एवढा वेळ घालवला तो एकूण प्रेशरच्या दहाव्या हिश्शाइतकाही नाही. म्हणून "डक्टची लांबी गुणिले घर्षण, वर ५० टक्के फिटिंगचे" हा सरसकट हिशोब मला अजिबात पटत नाही. लहान सिस्टीममध्ये तो फार कमी आकडा देतो. मग कमी पडेल या भीतीने ५० मिमीसारखा गोल आकडा लिहिला जातो.

फिटिंगचं प्रेशर म्हणजे गुणांक गुणिले त्या जागेचं वेलॉसिटी प्रेशर. वेलॉसिटी प्रेशर म्हणजे ०.६ गुणिले वेगाचा वर्ग. तुमच्या वळणात ९५० × ४५० मध्ये वेग ७ मीटर, म्हणून वेलॉसिटी प्रेशर ३० पास्कलच्या आसपास. चांगल्या त्रिज्येचा एल्बो केला तर गुणांक ०.२ धरा, ६ पास्कल लागतील. तोच एल्बो आतून-बाहेरून चौकोनी, टर्निंग वेन न घालता केला तर गुणांक १.२, म्हणजे ३५ पास्कल. एका वळणात ४४ मीटर सरळ डक्टएवढं प्रेशर गेलं. साइटवर डक्ट चढवण्याआधी हा एल्बो स्वतः उघड्या तोंडातून बघून घ्या.

ब्लोअरच्या तोंडाशी वेग ११ मीटर धरला तर तिथलं वेलॉसिटी प्रेशर ७३ पास्कल. तिथून ९५० × ४५० पर्यंत हळूहळू रुंदावणाऱ्या तुकड्याचे १५ घ्या. फाटे ओलांडून सरळ जाताना ३, शेवटचा कॉलर आणि उघडा डँपर मिळून १५, ग्रिलचे कॅटलॉगप्रमाणे २०, बाहेरच्या लुव्हरचे २५. फिल्टर स्वच्छ असताना ५० घेतो, पण धुवायच्या वेळचा आकडा धरायला हवा, तो १२० ठेवू. नागपुरात एप्रिल-मेच्या धुळीत हा फरक काही दिवसांतच दिसतो. बेरीज: १९ + १५ + ६ + ३ + १५ + २० + २५ + १२० = २२३ पास्कल. १० टक्के राखून २४५.

आता बारीक पण महत्त्वाची गोष्ट. गुणांकांनी केलेली ही बेरीज टोटल प्रेशरची आहे. ब्लोअरचं स्टॅटिक म्हणजे टोटल उणे त्याच्या तोंडाचं वेलॉसिटी प्रेशर, म्हणजे २४५ − ७३ = १७२. तेव्हा चौकशीत "३ घनमीटर प्रतिसेकंद, १७५ पास्कल (१८ मिमी) स्टॅटिक, आउटलेट वेग ११ पर्यंत" असं लिहा, किंवा "टोटल २४५ पास्कल (२५ मिमी)". कॅटलॉगचा तक्ता स्टॅटिकचा आहे की टोटलचा, हे विचारल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. पुढे वॉटर पॅड लावायचे असतील तर त्यांचा ड्रॉप पुरवठादाराच्या तक्त्यातून घेऊन आत्ताच या बेरजेत घाला.

पॉवर: ३ × २४५ भागिले ०.६ कार्यक्षमता, शाफ्टवर साधारण १.२ किलोवॅट. २ एचपी कागदावर पुरते. पण फिल्टर नुकताच धुतलेला असताना अडथळा ७० पास्कलने कमी असतो आणि हवा वाढते. पुढे वाकलेल्या पात्यांच्या ब्लोअरमध्ये हवा वाढली की मोटरवरचा भारही वाढत जातो. म्हणून ३ एचपी, म्हणजे २.२ किलोवॅट घ्या.

५० मिमीत अडचण इथेच आहे. ३ घनमीटरला ४९० पास्कल स्टॅटिक देणारा ब्लोअर या डक्टला जोडला तर त्याला तेवढा अडथळा मिळतच नाही. तो ३ घनमीटरवर थांबत नाही, जास्त हवा फेकतो, ग्रिल शिट्ट्या मारतात आणि मोटर ओव्हरलोडवर ट्रिप होते. ३ घनमीटरवर रोखून धरला तरी शाफ्टला २.८ किलोवॅट लागतात. ट्रिप झाली की मोटर बदलायची सूचना येते, खरं तर पुली बदलून आरपीएम उतरवायला हवा. क्लँप मीटर आणि मॅनोमीटरने हे लगेच कळतं: अँपिअर जास्त आणि स्टॅटिक कमी असेल तर अडथळा हिशोबापेक्षा कमी आहे. अँपिअर कमी आणि स्टॅटिक जास्त असेल तर कुठेतरी तुंबलंय. मग फिल्टरच्या दोन बाजूंना मॅनोमीटर लावा. तिथे १२० च्या आत असेल तर ब्लोअरच्या पुढे शोधा.

नवतपातल्या ४५ अंशांची काळजी अनेकांना वाटते. त्या तापमानाला, नागपूरच्या सुमारे ३१० मीटर उंचीवर, हवेची घनता १.०७ किलो प्रति घनमीटरच्या आसपास येते. कॅटलॉग १.२ वर असतो. पण घनता उतरली की डक्टचा अडथळा आणि ब्लोअरचं प्रेशर दोन्ही एकाच प्रमाणात उतरतात, घनमीटर तेवढेच राहतात. वरचा हिशोब १.२ वरच आहे, त्यात पुन्हा सुधारणा करू नका. मोटर मात्र १.२ वरच निवडा, कारण डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांना घनता तिथेच असते.

या पद्धतीची मर्यादा अशी की जवळच्या फाट्याला लांबच्या फाट्यापेक्षा जास्त प्रेशर उरतं. तुमच्याकडे १२ मीटरचा फरक म्हणजे १० पास्कल आणि वर थोडं. पहिल्या ग्रिलमधून १५ टक्क्यांपर्यंत हवा जास्त येऊ शकते. प्रत्येक कॉलरला डँपर ठेवा, सगळ्यात लांबचा पूर्ण उघडा सोडून बाकीचे ॲनिमोमीटर धरून आवळा. डँपर ग्रिलच्या अगदी पाठीशी नको, तिथे तो आवाज करतो. ब्लोअरच्या तोंडानंतर किमान दीड मीटर सरळ डक्ट जाऊ द्या. तोंडाशीच एल्बो बसवला तर वरची बेरीज लागू राहत नाही आणि हवा कमी पडते. आणि ३ घनमीटर आत येतात तेव्हा तेवढेच बाहेर जायला हवेत: समोरच्या भिंतीत वर दीड चौमी मोकळी जागा असलेले लुव्हर ठेवा. शटर बंद करून ब्लोअर चालवला तर हॉलच फुगतो, दार ढकलायला जोर लागतो आणि ग्रिलची हवा मंदावते.